‘लॉक काढून देतो’ म्हणजे नेमके काय? फॅक्टरी रीसेटनंतर फोटो परत का येत नाहीत

पैठण गेटच्या मोबाइल मार्केटमध्ये किंवा सिडकोतील कॅनॉट परिसरात एखाद्या दुरुस्तीच्या काउंटरसमोर थोडा वेळ उभे राहा. ‘लॉक काढून देतो, थोडा वेळ थांबा’, हे वाक्य कानावर पडेल. ऐकणाऱ्याला वाटते, दाराचे कुलूप उघडून मिळणार आणि घरातले सामान जागच्या जागी सापडणार. दुकानदाराच्या भाषेत मात्र या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा वेगळा असतो. तो कुलूप उघडत नाही. तो घर रिकामे करून नवे कुलूप बसवून देतो. या कामाचे नाव फॅक्टरी रीसेट, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडताना फोन जसा कोरा होता, तसा तो पुन्हा करणे.

पुसलेला डेटा सॉफ्टवेअरने परत आणता येतो, असे अनेकांनी ऐकलेले असते. काही वर्षांपूर्वी ते खरेही होते. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये बॅकअप नसेल, तर रीसेटनंतर काही परत मिळणे जवळपास अशक्य आहे. असे का होते, हे एका उदाहरणातून समजून घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी आजच्या फोनमध्ये अशीच घडते.

एक फोन, एक विसरलेला पॅटर्न

समजा, सिडको एन-७ मध्ये राहणाऱ्या एक शिक्षिका आहेत. त्यांचा १२८ जीबीचा अँड्रॉइड फोन २०२२ मध्ये घेतलेला. मुलाला जुना पॅटर्न कळला म्हणून त्यांनी तो बदलला. पुढचे काही दिवस फोन बोटाच्या ठशानेच उघडत राहिला. एका रात्री अपडेटनंतर फोन आपोआप बंद होऊन सुरू झाला. अशा वेळी अँड्रॉइड पहिल्यांदा ठसा स्वीकारत नाही, पॅटर्नच मागतो. बाईंना नवा पॅटर्न आठवेना. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर फोनने ३० सेकंद थांबायला लावले, मग त्याहून जास्त.

त्या फोनमध्ये त्यांच्या वडिलांचा ४० सेकंदांचा व्हिडिओ होता. दिवाळीत अंगणात नातवाला फुलबाजी पेटवून देताना काढलेला. दिवाळीनंतर काही आठवड्यांतच वडील गेले. वडिलांचे चालते-बोलते असे तेवढेच काय ते शेवटचे.

बाई दुकानात गेल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, पॅटर्न काढून देतो.’ बाईंनी होकार दिला. थोड्या वेळाने फोन हातात आला, तेव्हा पडद्यावर नव्या फोनसारखे भाषा निवडण्याचे पान होते. ‘दादा, माझे फोटो कुठंयत?’ या प्रश्नावर उत्तर आले, ‘ते तर जाणारच ना मॅडम, लॉक काढलं तर.’ मुलगा खोटे बोलला नव्हता. दोघांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ घेतले होते.

पूर्वी पुसलेले परत का मिळत होते?

जुन्या फोनमध्ये फाइल पुसणे म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतली एक ओळ खोडणे होते. पुस्तक कपाटातच राहायचे, फक्त ते कोणत्या कप्प्यात आहे याची नोंद जायची. त्या जागी दुसरे पुस्तक येईपर्यंत कोणी कपाट न कपाट धुंडाळले, तर ते सापडायचे. डेटा रिकव्हरीची सॉफ्टवेअर नेमके हेच करत. मेमरीचा प्रत्येक कोपरा वाचून फोटोच्या सुरुवातीची ओळखीची खूण शोधायची आणि तिथून पुढचा मजकूर उचलायचा.

जुन्या फोनमधला फॅक्टरी रीसेट याहून फार वेगळा नव्हता. २०१४ मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीने इंटरनेटवरून २० जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले. विकणाऱ्यांच्या समजुतीने ते पुसलेले होते. त्यातून ४० हजारांहून अधिक फोटो परत मिळाले. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २१ वापरलेले फोन तपासले. त्यात अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्या होत्या. रीसेटनंतरही अनेक फोनमधून मजकूर बाहेर काढता आला. काहींमधून तर मालकाच्या गुगल खात्यात शिरण्याची डिजिटल किल्लीही मिळाली.

याच अभ्यासातली एक गोष्ट पुढच्या बदलाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या फोनमध्ये मजकूर कुलूपबंद करण्याची सोय होती, त्यातही रीसेटनंतर किल्लीची बंदिस्त प्रत मेमरीत मागे राहू शकत होती. ती प्रत कॉम्प्युटरवर नेऊन सगळे संभाव्य पिन एकामागून एक लावून पाहता येत होते. चार अंकी पिनच्या शक्यता अवघ्या १० हजार. कॉम्प्युटरला त्या संपवायला वेळ लागत नाही.

म्हणजे तेव्हाची अडचण आजच्या नेमकी उलट होती. विकलेल्या फोनमधून आपले फोटो परक्याच्या हाती पडत होते. ती वाट बंद करण्यासाठी जे केले गेले, त्यानेच आज आपल्यालाही आपले फोटो परत मिळत नाहीत. चोरासाठी एक आणि मालकासाठी दुसरी, अशी वेगळी व्यवस्था फोनला करता येत नाही. रीसेटनंतर मेमरी वाचायला बसलेला माणूस कोण आहे, हे त्याला कळत नाही.

आता फोनमध्ये काय बदलले?

आता फाइल मेमरीत जशीच्या तशी लिहिली जात नाही. लिहितानाच तिचे गूढ अक्षरांत रूपांतर होते. याला एन्क्रिप्शन म्हणतात. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पुरेशी ताकद असलेल्या नव्या फोनना हे बंधनकारक झाले. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कुलूपबंद करण्याची पद्धत आली. स्वस्त फोनना काही काळ सूट होती, कारण त्यांच्या प्रोसेसरला हे काम जड जायचे. २०१९ मध्ये गुगलने हलक्या प्रोसेसरसाठी ‘अ‍ॅडिअँटम’ ही वेगळी पद्धत आणली आणि अँड्रॉइड १० सह बाजारात येणाऱ्या नव्या फोनसाठी ती सूट संपली. आपण सेटिंगमध्ये काहीही चालू केलेले नसले, तरी आजच्या फोनमध्ये हे सगळे सुरूच असते.

बाईंनी फुलबाजीचा व्हिडिओ काढला, तेव्हा मेमरीच्या चिपवर अंगण, आजोबा, नातू यांपैकी काहीच उतरले नाही. उतरला तो अर्थहीन भासणारा आकड्यांचा ढीग. फोन उघडा असताना तो ढीग वाचून क्षणात पुन्हा व्हिडिओ बनत होता, कारण किल्ली फोनजवळ होती.

वाचनालयाचेच उदाहरण पुढे न्यायचे, तर आता पुस्तके कपाटात आहेत, पण ती अशा लिपीत आहेत जी जगात एकाच किल्लीने वाचता येते. नोंदवही जाणे ही आता मोठी गोष्ट नाही. किल्ली जाणे ही आहे.

किल्ली कुठे असते?

अनेकांना वाटते, आपला पॅटर्न किंवा पिन हीच किल्ली. तसे नाही. खरी किल्ली २५६ बिटांची, फोनने स्वतः यादृच्छिकपणे तयार केलेली असते. ती कोणाला दिसत नाही, मालकालाही नाही. ती दुसऱ्या कुलपात ठेवलेली असते आणि ते कुलूप उघडायला दोन गोष्टी एकत्र लागतात. एक आपला पिन किंवा पॅटर्न. दुसरे, त्याच फोनच्या प्रोसेसरमधील सुरक्षित भागात दडलेले गुपित. काही फोनमध्ये त्यासाठी वेगळी सुरक्षा चिपही असते. गुगलच्या पिक्सेल फोनमधील टायटन हे तिचे उदाहरण.

बँकेच्या लॉकरशी याची तुलना करता येईल. लॉकर उघडायला ग्राहकाची किल्ली आणि बँकेची किल्ली, दोन्ही लागतात. एकट्या कोणाला तो उघडता येत नाही. फरक एवढाच की ग्राहकाची किल्ली हरवली तर बँक लॉकर फोडून देऊ शकते. इथे फोडण्याची सोयच ठेवलेली नाही.

या रचनेमुळे २०१५ मधील ती पळवाट बंद झाली. आता बंदिस्त किल्लीची प्रत बाहेर नेऊन १० हजार पिन लावून पाहता येत नाहीत. दुसरा अर्धा भाग प्रोसेसरच्या आत आहे आणि तिथे प्रत्येक चुकीच्या प्रयत्नानंतर वाट पाहायला लावणारा पहारेकरी बसलेला आहे.

रीसेटच्या त्या काही मिनिटांत काय होते?

दुकानातल्या मुलाने फोन बंद केला. पॉवर आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून त्याने रिकव्हरीचे पान उघडले आणि तिथला फॅक्टरी रीसेटचा पर्याय निवडला. फोन उघडा असताना सेटिंगमधून ‘इरेज ऑल डेटा’ निवडले, तरी शेवटी फोन याच पानावर येऊन हेच काम करतो.

मग फोनने आपल्या सगळ्या फाइल जिथे असतात तो ‘डेटा’ नावाचा मोठा भाग नव्याने आखला. नोंदवही नवी, कोरी. फोनमधल्या अ‍ॅपचे साठे, डाउनलोड, कॅमेऱ्याचा फोल्डर, व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर हे सगळे याच भागात असते. सोबतच ‘मेटाडेटा’ नावाचा एक छोटासा भाग पुसला गेला. वरच्या थराच्या कुलपाची किल्ली ठेवण्याची जागा ती. वैयक्तिक फाइलच्या किल्ल्या ‘डेटा’ भागातच बंदिस्त होत्या, त्याही गेल्या. वेगळी सुरक्षा चिप असलेल्या पिक्सेलसारख्या फोनमध्ये त्या चिपलाही जुनी गुपिते विसरायला सांगितले जाते. फोन पुन्हा सुरू झाला आणि त्याने नव्या यादृच्छिक किल्ल्या तयार केल्या. जुन्यांशी त्यांचा काही संबंध नाही.

१२८ जीबीचा मजकूर इतक्या लवकर कसा पुसला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर असे की तो सगळा पुसण्याची गरजच नसते. किल्ली पुसली की पुरे. उरलेला ढीग चिपवर काही काळ राहिला, तरी तो कोणाच्याच कामाचा नाही.

तो ढीगही फार काळ टिकत नाही. नव्याने आखणी करताना फोन मेमरी चिपला कळवतो, की हे सगळे कप्पे आता मोकळे समज. चिप आपल्या सवडीने ते साफ करते, कारण फ्लॅश मेमरीला नवे लिहिण्याआधी जुने साफ करावेच लागते. हे काम चिपमधला नियंत्रक करतो आणि त्याला बाहेरून कोणी थांबवू शकत नाही.

किल्ली अंदाजाने शोधता येईल का? २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायच्या तर १ वर साधारण ७७ शून्ये येतात. एखाद्या यंत्राने सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सगळ्या संपवायला लागणाऱ्या वर्षांचा आकडाच ५८ अंकी होतो. म्हणून हा प्रश्न जास्त हुशार तंत्रज्ञ किंवा जास्त महाग यंत्र आणून सुटणारा नाही.

मग ‘डेटा रिकव्हरी’चा बोर्ड?

बाई दुसऱ्या दुकानात गेल्या, असे समजू. तिथे फोन कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअर चालवले गेले. पडद्यावर आकडा वाढत गेला आणि शेवटी ‘१,२०० फोटो सापडले’ असे आले. बाईंच्या जिवात जीव आला. आधी पैसे भरा, मग फोटो देतो, असे सांगण्यात आले.

हे फोटो कुठून आले? रीसेटनंतर फोन सुरू झाल्यावर त्यात अ‍ॅपची चिन्हे, वॉलपेपर, जाहिरातींची चित्रे, पान उघडताना साठलेली लघुचित्रे असे बरेच काही जमा होते. सॉफ्टवेअर ते मोजते. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल, तर त्यावरचे फोटोही याच यादीत येतात. म्हणून आकडा पाहू नका, फाइल पाहा. रीसेटच्या आधीची, आपण स्वतः काढलेली एक तरी फाइल पूर्ण उघडून दाखवा, असे सांगा. अंगठ्याएवढे चित्र नको, पूर्ण आकाराचा फोटो किंवा वाजणारा व्हिडिओ हवा. तो दाखवता येत नसेल, तर आगाऊ पैसे देण्याचे कारण नाही.

कधी सांगितले जाते, की फोन ‘रूट’ केला तर खोलवर शोध घेता येईल. यातली गोम समजून घ्यायला हवी. रूट करण्यासाठी सामान्यतः आधी फोनचा बूटलोडर उघडावा लागतो आणि तो उघडताना अँड्रॉइड पुन्हा एकदा सगळा डेटा पुसतो. हरवलेले शोधण्यासाठी आणखी एकदा पुसायचे, असा हा उपाय आहे.

आणखी एक दावा असतो, चिप काढून वाचण्याचा. मदरबोर्डवरून मेमरी चिप उचलून वेगळ्या यंत्रावर वाचता येते, हे खरे आहे. जुन्या फोनमध्ये त्यातून फोटो मिळतही. आता त्यातून तोच कुलूपबंद ढीग मिळतो, कारण किल्लीचा दुसरा अर्धा भाग प्रोसेसरमध्येच राहिलेला असतो. पोलिस तपासातही हीच मर्यादा आड येते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांची महागडी साधने बंद फोन उघडण्यासाठी धडपडतात ती त्यात किल्ली अजून शिल्लक असते म्हणून. रीसेटनंतर उघडायलाच काही उरत नाही.

काहींना एका गोष्टीमुळे खोटी आशा वाटते. रीसेटनंतर फोन जुन्याच गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणजे त्याला जुने आठवते, मग फोटोही आत असतील, असे वाटते. चोरीचा फोन दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून खात्याची ही खूण एका वेगळ्या छोट्या भागात मुद्दाम जपलेली असते. तिथे फोटो नसतात.

बाईंना काय परत मिळाले?

आता हिशेब मांडू. जे फोनच्या बाहेर कुठेतरी होते, तेवढेच परत येऊ शकते.

बाईंनी फोनमध्ये आपले गुगल खाते घातले आणि नंबर परत आले. ते फोनमध्ये नव्हे, खात्यात सेव्ह होत होते.

फोटोंमध्ये गुगल फोटोजचा बॅकअप चालू होता, पण तो गणपतीपर्यंतच. खात्यातली मोफत १५ जीबी जागा तेव्हाच भरली होती. तशी सूचना येत होती, ती दरवेळी बाजूला सारली गेली. त्यामुळे गणपतीपर्यंतचे कॅमेऱ्याचे फोटो मिळाले, दिवाळीचे नाहीत. शिवाय गुगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर साठवते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड यांचे फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन वेगळे चालू करावे लागतात. ते केलेले नव्हते, म्हणून नातेवाइकांनी पाठवलेले फोटो तिथे नव्हते.

व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री दोनच्या सुमारास एक बॅकअप फोनमध्येच तयार करते. तो फोनमध्येच असल्याने फोनबरोबर गेला. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे तोही गणपतीच्या सुमारास थांबला होता. तरी तोपर्यंतच्या गप्पा आणि वडिलांचे आवाजी निरोप त्यात होते आणि ते परत आले. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ घेण्याचा पर्याय वेगळा असतो आणि तो आपण चालू करावा लागतो. तो बंद होता, म्हणून व्हिडिओ आले नाहीत.

इथे बाईंनी एक गोष्ट बरोबर केली. नवे व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना ‘रीस्टोअर’ विचारले जाते, तेव्हा त्यांनी ते टाळले नाही. तोच मोबाइल नंबर आणि तेच गुगल खाते असेल तरच हा पर्याय दिसतो. घाईत ‘स्किप’ केले आणि पुढे नवा रिकामा बॅकअप झाला, तर तो जुन्याच्या जागी बसतो. मग तोही मार्ग बंद.

एसएमएस आणि कॉलची यादी मात्र गेली, आणि त्यामागचे कारण थोडे विचित्र आहे. त्यांचा बॅकअप गुगलकडे होता, पण अँड्रॉइड ९ पासून हा बॅकअप जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकने कुलूपबंद केला जातो. परत घेताना जुना पॅटर्न विचारला गेला. तोच तर बाईंना आठवत नव्हता.

आणि दिवाळीचा तो व्हिडिओ? तो गुगल फोटोजमध्ये नव्हता, ड्राइव्हवर नव्हता आणि फोनमधूनही गेला होता. पण त्याच संध्याकाळी बाईंनी तो पुण्याच्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. भावाच्या गॅलरीत तो पडून होता. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेला, थोडा धूसर, पण आवाज स्पष्ट. रीसेटनंतरची सर्वात कामाची ‘रिकव्हरी’ बहुतेक वेळा अशीच असते. फोन बाजूला ठेवायचा आणि आपण कोणाकोणाला काय पाठवले होते, ते आठवायचे.

रीसेटला ‘हो’ म्हणण्याआधी

बाईंच्या हातून निसटलेली वेळ ही दुकानात जाण्याच्या आधीची होती. त्या वेळी करण्यासारखे बरेच काही असते.

पॅटर्न विसरला असेल, तर फोन बंद करू नका. तो शेवटचा सुरू झाल्यानंतर एकदा जरी उघडला गेला असेल, तर किल्ली चालू मेमरीत असते आणि बॅकअपसारखी कामे मागे चालू राहू शकतात. चार्जर लावून ओळखीच्या वाय-फायजवळ रात्रभर ठेवल्यास राहिलेले फोटो वर जाण्याची शक्यता असते. बाईंच्या फोनसारखा तो आधीच बंद होऊन सुरू झाला असेल, तर ही संधी नसते. तेव्हा घाई न करणे एवढेच हातात उरते. पॅटर्न चार दिवसांनी आठवू शकतो, रीसेट झालेली किल्ली परत येत नाही.

दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपल्या गुगल खात्यात शिरून पाहा. `photos.google.com` वर शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते बघा. `contacts.google.com` वर नंबर आहेत का बघा. `drive.google.com/drive/backups` या पानावर फोनचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप कधीचा आहे ते दिसते. फोन बरेच दिवस वापरात नसेल तरीही हे आधी तपासा, कारण सलग ५७ दिवस फोन न वापरल्यास गुगल त्याचा बॅकअप पुसू शकते. खात्याचा पासवर्डच आठवत नसेल, तर आधी तो मिळवा. नाही तर रीसेटनंतर फोनही उघडणार नाही.

कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलेले असेल, तर फोनवर नव्याने नोंदणी करण्याआधी तिथले हवे ते फोटो आणि व्हिडिओ सेव्ह करून घ्या. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल, तर ते काढून बाजूला ठेवा. साध्या पद्धतीने वापरलेल्या कार्डावरचा मजकूर फोनच्या किल्लीने बांधलेला नसतो. कार्ड फोनच्या अंतर्गत मेमरीचा भाग म्हणून जोडले असेल, तर मात्र त्याची किल्लीही फोनमध्येच असते आणि रीसेटनंतर ते कार्डही वाचता येत नाही.

फोन पडून डिस्प्ले फुटला असेल किंवा तो चालूच होत नसेल, तर त्याचा रीसेटशी संबंध नाही. किल्ली अजून आत आहे. अशा वेळी डिस्प्ले, बॅटरी किंवा चार्जिंगचा भाग बदलून तोच मदरबोर्ड एकदा चालू करणे, हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे मागायचे. बोर्ड फारच खराब असेल, तर काही कुशल कारागीर प्रोसेसर आणि मेमरी चिप, दोन्ही एकत्र दुसऱ्या बोर्डवर बसवतात. एकटी मेमरी चिप हलवून उपयोग नाही, हे आता लक्षात आले असेल. बोर्ड बदलून देतो, असे कोणी म्हटले, तर डेटाही बदलीत जाणार, हे गृहीत धरा.

आणि काउंटरवर एक प्रश्न थेट विचारा. ‘लॉक काढणार’, ‘सॉफ्टवेअर मारणार’, ‘फ्लॅश करणार’, शब्द कोणताही असो, विचारायचे एवढेच: ‘भाऊ, फोटो राहणार का जाणार?’ पॅटर्न विसरलेल्या आजच्या फोनबाबत प्रामाणिक उत्तर एकच असते, ‘जाणार’. ते उत्तर फोन हातातून देण्याआधी ऐकले, तर खात्यातली तारीख तपासायला आणि पुण्याच्या भावाला फोन करायला वेळ मिळतो.